सहा दहाचं रील : पोळी-भाजी केंद्राच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

टीवायच्या प्रकल्पासाठी एक लहान व्यवसाय निवडायचा आणि त्याच्या इन्स्टाग्रामचा अभ्यास करायचा, असं सरांनी सांगितलंय. बाकीच्या मुली कॅफे शोधत फिरताहेत. मला फिरायची गरज नाही. आमचं पोळी-भाजी केंद्र डोंबिवली पूर्वेला, फडके रोडच्या मागच्या गल्लीत आहे. बाबा गल्ल्यावर, आई आणि तीन मावश्या आत. दुपारी थोडे डबे जातात, पण खरा धंदा संध्याकाळी सात ते साडेनऊ. पोळ्या, भाकरी, आमटी आणि दोन भाज्या. भाज्यांची नावं बाबा दाराशी फळ्यावर खडूने लिहितात.

दुकानाचं खातं आहे, मीच कधीतरी उघडलेलं. साडेसहाशेच्या आसपास फॉलोअर. रील टाकते ती दुपारी बाराला, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच वेळी चांगला उजेड येतो आणि तव्यावर फुगणारी पोळी छान दिसते. एवढंच कारण. गिऱ्हाईक त्या वेळी काय करत असतं, हा विचार त्यात कुठेच नव्हता.

आज खातं प्रोफेशनल केलं. साध्या खात्याला Insights, म्हणजे रील कुणी आणि कुठून पाहिलं याचे आकडे, दिसतच नाहीत. 'बिझनेस' आणि 'क्रिएटर' असे दोन पर्याय येतात. मी क्रिएटर घेतलं, कारण बिझनेस खात्याला सिनेमाची गाणी वापरता येत नाहीत. जुन्या रीलचे आकडे मिळत नाहीत, मोजणी आजपासून सुरू.

११ जुलै, शुक्रवार

बुधवारी दुपारचं एक रील सुटलं. मावशींच्या हातावर थापली जाणारी ज्वारीची भाकरी, मागे सध्या सगळीकडे वाजतंय ते हिंदी गाणं. दोन दिवसांत चाळीस हजारांच्या वर views. बाबांनी दुकानात आलेल्या प्रत्येकाला दाखवलं. खालच्या प्रतिक्रिया मात्र अशा: "दिल्ली में ब्रांच है क्या?", "बंगळुरूला पार्सल पाठवाल का?"

रात्री हिशेब लावताना बाबा आपणहून म्हणाले, "चाळीस हजार माणसांनी पाहिलं ना गं? मग भाकऱ्या रोजच्याइतक्याच कशा गेल्या?"

रीलच्या खाली View insights दाबलं. बघणाऱ्यांत फॉलोअर शंभरात दोनसुद्धा नव्हते. बहुतेकांना ते Reels च्या टॅबमध्ये, म्हणजे अंगठ्याने वर सरकवता सरकवता दिसलं होतं. रील चालतं ते असंच: आधी थोड्या लोकांना दाखवलं जातं, त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं किंवा कुणाला पाठवलं तर आणखी अनोळखी लोकांना. त्या साखळीत डोंबिवली असायचं काही कारण नाही. गाणं जितकं देशभर चालणारं, तितकं रील आमच्या गल्लीपासून लांब जाणार.

१३ जुलै, रविवार

मग आमच्या गल्लीतल्या किती जणांनी पाहिलं, हे कळणार कसं?

खात्याच्या Insights मध्ये Top cities अशी यादी येते. त्यात शहर दिसतं, वस्ती नाही. आमच्या यादीत सगळ्यात वर 'Mumbai' आहे. त्यात कुलाब्याचा माणूस आला आणि आमच्या समोरच्या इमारतीतले एक काकाही आले असतील, कारण दिवसभर ते फोर्टमध्ये असतात. शिवाय ही यादी अख्ख्या खात्याची. कुठल्या रीलला कुठल्या शहरातून किती, हे तीत वेगळं निघत नाही. मला हवा असलेला आकडा तिथे नाहीच.

तो दुकानातच मोजावा लागणार. आईशी बोलून ठरवलं: उद्यापासून आठवडाभर रोज दोन रीलं. दुपारी बाराच्या रीलच्या शेवटी लिहायचं, "गल्ल्यावर हिरवा ठेचा मागा, पोळी-भाजीसोबत मोफत." संध्याकाळी सहाच्या रीलच्या शेवटी तेच, फक्त हिरव्या ठेच्याच्या जागी शेंगदाण्याची चटणी. फळ्यावर यातलं काही लिहायचं नाही. जो हिरवा ठेचा मागेल त्याने दुपारचं रील पाहिलं, जो चटणी मागेल त्याने संध्याकाळचं.

दोन्ही रीलं सारख्या लांबीची, सारख्याच कोनातून, गाण्याशिवाय. एकात गाणं नि दुसऱ्यात नाही असं झालं, तर फरक वेळेचा की गाण्याचा, हे कळणार नाही. सहा वाजता मला दुकानात हात रिकामा नसतो, म्हणून संध्याकाळचं रील आधीच वेळ लावून ठेवणार. क्रिएटर खात्याला ती सोय आहे.

बाबांचं म्हणणं, "चटणी फुकट, म्हणजे आकडे तुझे आणि शेंगदाणे माझे."

२० जुलै, रविवार

गल्ल्यावरच्या वहीत शेवटच्या पानावर बाबांनी उभ्या रेघा मारल्या. आठवड्याभरात हिरव्या ठेच्याच्या चार रेघा, चटणीच्या सव्वीस.

फोनमध्ये चित्र याच्या उलटं. दुपारच्या रीलांना views जास्त, संध्याकाळच्यांना जवळपास निम्मे. पण दुपारच्यांत फॉलोअर पावपट, संध्याकाळच्यांत निम्म्याहून बरेच जास्त. नुसता views चा आकडा बघत बसले असते, तर दुपारच बरी असं म्हणून मोकळी झाले असते.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. ठेचा मागणाऱ्या चौघांपैकी दोघांना "कधी पाहिलंत?" असं विचारलं, तर दोघांनीही घरी येताना गाडीत पाहिलं होतं. म्हणजे दुपारी टाकलेलं रीलही संध्याकाळी त्यांच्यापुढे आलं. माझ्या रेघा रील कोणतं ते सांगतात, पाहिलं कधी ते सांगत नाहीत.

बाबांनी खोच काढली ती याहून मोठी. "हे सव्वीस कोण होते सांगू? वीस-बावीस तर रोजचेच. ते आलेच असते. त्यांना चटणी वाटून मला काय मिळालं?"

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. आईला सुचलं. ती म्हणाली, "पातेली बघ ना."

२२ जुलै, मंगळवार

पातेल्यांचं असं आहे. पोळ्या उरत नाहीत, त्या मागणीप्रमाणे लाटल्या जातात. भाजी मात्र साडेपाचला एकदम होते आणि उरली की घरच्यांनी खायची नाहीतर मावश्यांनी न्यायची. आई रोज दुकान बंद करताना उरलेली भाजी डावाने मोजते; किती वर्षांची सवय आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोज दोन्ही पातेल्यांत मिळून आठ-दहा डाव उरत होते. चटणीच्या आठवड्यात तीन-चार, एका दिवशी काहीच नाही.

रोजचं गिऱ्हाईक तेच, पण ते काय घेतं ते बदललं. आज संध्याकाळी मुद्दाम गल्ल्यावर बसले. बँकेत नोकरी करणाऱ्या एक काकू एरवी फक्त सहा पोळ्या नेतात. आज पोळ्यांबरोबर भरली वांगी घेतली. मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, रोज पोळ्या घेते आणि घरी जाऊन भाजी टाकते. आज गाडीतच कळलं वांगी आहेत, मग मुलाला फोन केला की कुकर लावू नकोस."

मी त्यांना गाडीतलं सगळं विचारून घेतलं. सीएसएमटीहून साडेसहाच्या आसपासची फास्ट. चढताना फोन काढायची सोयच नाही, एक हात कडीला आणि एक पर्सला. लेडीजमध्ये बसलेल्या बाईला आधीच विचारून ठेवायचं, "कुठे उतरणार?" घाटकोपरला गर्दी उतरते, तेव्हा चौथी सीट मिळते. बूड टेकलं की फोन बाहेर. "ठाणं येईपर्यंत मी तुमचंच बघते असं नाही हं," असं वर हसल्या. डोंबिवलीला उतरल्यावर पुलावर, रिक्षाच्या रांगेत पुन्हा फोन बघायला होत नाही. म्हणजे आमच्या वाट्याला येतो तो घाटकोपर ते डोंबिवली एवढाच वेळ, आणि रात्री काय जेवायचं हे त्या वेळात ठरतं.

आणखी एक सांगितलं त्यांनी: आवाज बंद असतो. डब्यात कोण आवाज लावणार? बाबा रीलमध्ये घसा ताणून "आज भरली वांगी, आज भरली वांगी" म्हणतात, ते कुणी ऐकतच नव्हतं. उद्यापासून भाजीचं नाव पहिल्या क्षणापासून मोठ्या अक्षरांत पडद्यावर. खालच्या भागात नको. तिथे खात्याचं नाव आणि मजकूर येतो, अक्षरं झाकली जातात.

२५ जुलै, शुक्रवार

आज श्रावण लागला. कांदा-लसूण न घालता एक भाजी रोज ठेवायची, असं आईने ठरवलंय.

वर्गात प्रकल्पाचं काम दाखवलं. मैत्रीण म्हणाली, तू उगाच अंदाजाने सहा वाजता टाकतेस, Insights मध्ये Most active times असतं की, फॉलोअर कुठल्या तासाला जागेवर असतात ते दाखवतं. (शंभराच्या खाली फॉलोअर असतील तर ते दिसत नाही, आमचं त्यापुढे आहे.) उघडून पाहिलं. सगळ्यात उंच दांडी रात्री नऊची. सहाची तिच्याहून ठेंगणी.

म्हणून आठवडाभर नऊला टाकून बघायचं ठरवलं. नुसत्या तर्कावर सोडून द्यायला नको.

२ ऑगस्ट, शनिवार

नऊची रीलं फोनमध्ये छान दिसली. Views जास्त, लाइक जास्त, आणि बघणाऱ्यांत फॉलोअरही भरपूर, म्हणजे माणसं आपलीच. पातेली मात्र पुन्हा जुन्या वळणावर. कारण उघड आहे: नऊला माणूस जेवून पाय पसरून बसलेला असतो. मटकीची उसळ बघून त्याला छान वाटतं, लाइक देतो, पण आता खाली उतरून आणणार कोण? आणि आमचं दुकान साडेनऊला बंद.

सर्वांत जास्त माणसं फोनवर असण्याची वेळ वेगळी आणि ठरवण्याची वेळ वेगळी. Insights पहिली सांगतं. दुसरी सांगायला त्याच्याकडे रकानाच नाही.

संध्याकाळची नेमकी वेळही चाचपून पाहिली. पाच वाजता टाकलं की लोक ऑफिसात, काही जण बघतात आणि घरी येईपर्यंत विसरतात. सातला टाकलं की ते दिसेपर्यंत काकूंची गाडी ठाण्याच्या पुढे गेलेली. टाकल्याबरोबर सगळ्यांना रील दिसत नाही, थोडा वेळ जातो, म्हणून सहा दहा धरलं. सहा दहा म्हणजे काही मंत्र नाही. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर पातेल्यांना फरक पडलेला दिसला नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

काल एक गृहस्थ तणतणत आले. "गवारीची भाजी आहे म्हणून दोन गल्ल्या चालत आलो." गवार गेल्या गुरुवारची. बाबांनी फळा दाखवला, त्यांनी फोन दाखवला. दोघंही आपापल्या परीने बरोबर.

रील शिळं होत नाही, हीच अडचण. पाच-सहा दिवसांनीही ते कुणापुढेही येऊ शकतं, आणि बघणारा तारीख बघत नाही. स्टोरी चोवीस तासांत आपोआप जाते. तेव्हा आता विभागणी अशी: 'आजच्या भाज्या' सहा दहाच्या स्टोरीवर, फळ्याचाच फोटो, बाबांच्या अक्षरात. रीलमध्ये न बदलणाऱ्या, ठरलेल्या वस्तू: पोळी, भाकरी, गुरुवारची पुरणपोळी. भाजी रीलमध्ये घ्यायचीच झाली तर वार मोठ्या अक्षरांत.

स्टोरी अनोळखी माणसांपर्यंत फारशी जात नाही, बहुतेक फॉलोअरच बघतात. आमच्या कामाला ते उलट बरंच आहे. गृहस्थांना आईने भेंडी दिली, पैसे घेतले नाहीत. ते आता फॉलो करतात.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काल शेवटचा श्रावणी सोमवार आणि पाऊस. आज त्याहून जास्त. सरकारी कार्यालयांना सुट्टी, खाजगीवाल्यांना घरूनच काम करायला सांगितलंय. सीएसएमटी ते ठाणे लोकल बंद. रुळांवर पाणी.

सकाळी बाबा म्हणाले, आज भाजी निम्मीच टाकू, गाड्याच नाहीत तर गिऱ्हाईक कुठून येणार? मी म्हटलं, गिऱ्हाईक आज गेलंच नाहीये, ते दिवसभर डोंबिवलीतच आहे. आणि मला हे बघायचंच होतं. आमचा सहा दहाचा हिशेब खरंच गाडीवर उभा असेल, तर गाड्या नसताना तो मोडायला हवा. असा दिवस मागून मिळत नाही (आणि कुणी मागूही नये).

साडेअकराला स्टोरी टाकली: "पाऊस आहे, दुकान चालू आहे. दुपारी गरम पिठलं-भाकरी." सहा दहालाही नेहमीप्रमाणे टाकली. दुपारची स्टोरी दोन वाजेपर्यंत एरवीच्या संध्याकाळच्या स्टोरीइतक्या लोकांनी पाहिली होती. बारा ते अडीच दुकानासमोर छत्र्यांची रांग, भाकऱ्या थापता थापता मावशींच्या हाताला उसंत नाही. पिठाचा डबा तळाला गेला. संध्याकाळी सहा दहाच्या स्टोरीला एरवीचा तो चढ आलाच नाही. रात्री उशिरापर्यंत थोडी थोडी पाहिली जात राहिली. साडेसातला दुकानात दोन माणसं.

एका दिवसावरून सिद्ध झालं असं प्रकल्पात लिहिणार नाही. पावसात माणसं एरवीही पिठलं मागतात, तेही धरायला हवं. पण माझी खात्री पटली. रविवारी आमची संध्याकाळ फिकी का असते, तेही यातच बसतं: त्या दिवशी कुणी गाडीत नसतं. रविवारची स्टोरी साडेअकराला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

बुधवारी, २७ ला, गणपती. उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घ्यायच्या. बाबा म्हणाले, सहा दहाला टाक, तीच आपली वेळ.

मी म्हटलं, मोदकांना नको. आजच्या जेवणाचा निर्णय गाडीत होतो, एकट्याने, दहा मिनिटांत. मोदक किती सांगायचे, एकवीस की एक्कावन्न, सासूबाई घरी करणार आहेत का, हे घरात बसून ठरतं, चार माणसांत. त्याला नऊची उंच दांडी योग्य. म्हणून मोदकांचं रील आज नऊला: पारी, सारण, कळ्या पाडणं, आणि पहिल्या क्षणापासून अक्षरं, "ऑर्डर सोमवारी रात्रीपर्यंत, फोनवर." कालबाह्य होऊ नये म्हणून तारीखही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

रील रात्रीत सातशे-आठशे लोकांनी पाहिलं असेल, फार नाही. पण shares च्या खुणेपुढचा आकडा आजवरच्या कुठल्याही रीलपेक्षा मोठा. कोणी कोणाला पाठवलं ते दिसत नाही; सकाळी फोनवर मात्र ऐकू आलं: "आमच्या वहिनींनी पाठवलं", "सोसायटीच्या ग्रुपवर आलंय". दुपारपर्यंत वहीत पाचशे मोदक.

आई बाहेर आली, वही पाहिली आणि म्हणाली, "वळणाऱ्या आम्ही चौघी. पहाटे तीनपासून बसलो तरी सातशेच्या पुढे जाणार नाही, आणि त्यातले फुटतील ते वेगळे."

रील उडवलं तर ज्यांना पाठवलंय त्यांना ते उघडणारच नाही आणि ते फोन करत बसतील. म्हणून ते ठेवलं, मजकूर बदलून पहिली ओळ केली, "सातशेला ऑर्डर बंद", आणि तीच ओळ प्रतिक्रियांत सगळ्यात वर डकवली. बाबांनी फळ्यावरही लिहिलं. सहाशे ऐंशी झालेत. उरलेले वीस ओळखीच्या देशपांडे काकांचे धरून ठेवलेत, त्यांना इन्स्टाग्राम नाही.